मोबाईलची सूचना पालकांना लिहिताना

प्रश्न: मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातल्या अनुदानित शाळेत यंदाच मुख्याध्यापिका झाले. पाचवी ते दहावी, साधारण २४० मुलं. "शाळेत मोबाईल आढळल्यास जप्त करण्यात येईल व वर्षअखेरीस परत मिळेल" अशी सूचना जूनमध्ये काढली. तरी दप्तरात फोन निघतातच, आणि पालक ऑफिसात येऊन भांडतात. डिसेंबरात चिखलदऱ्याची सहल आहे. तिथे फोन नको म्हटलं तर पालक म्हणतात, मग पोरं पाठवत नाही. पालकांना पटेल अशी सूचना कशी लिहू?

उत्तर:

मॅडम, आधी "वर्षअखेरीस" हा शब्द काढून टाका. तुमच्या ऑफिसातली बहुतेक भांडणं त्या एका शब्दाची असणार. मी स्वतः मुख्याध्यापिका झाल्यावर पहिल्या वर्षी असंच लिहिलं होतं. तेव्हा आठवीतल्या एका मुलाचा फोन मी कपाटात ठेवला. तिसऱ्या दिवशी त्याची आई वेचणी सोडून आली आणि दारातूनच म्हणाली, "मॅडमजी, फोन नाई देत तं नोका देऊ, पण त्याच्यातलं कार्ड तरी द्या. कापसाचे पैसे जमा झाले का नाई, मले कसं मालूम होईन?" घरात तेवढा एकच फोन होता. बँकेचा मेसेज त्यावर, सिलिंडरचा ओटीपी त्यावर, ई-पीक पाहणी त्यावर. मुलाला शिस्त लावायला म्हणून मी एका घराचं पासबुकच कुलपात ठेवलं होतं.

आपल्याकडे दप्तरातून निघणारा फोन बऱ्याचदा मुलाचा नसतोच. तो वडिलांचा किंवा मोठ्या भावाचा असतो. म्हणून माझा पहिला नियम असा झाला की कुठलाही फोन शाळेत रात्रभर राहणार नाही. ज्या दिवशी सापडला त्याच दिवशी सुटीनंतर परत. सुरुवातीला सहकारी शिक्षक म्हणाले, मग धाक काय राहिला? धाक दुसरीकडून येतो. त्याच संध्याकाळी वर्गशिक्षक घरी कळवतात आणि पुढचे पंधरा दिवस त्या मुलाने सकाळी वर्गात जाण्याआधी ऑफिसात यायचं. फोन आणला असेल तर जमा करायचा, नसेल तर तसं वहीत लिहून सही करायची. पंधरा दिवस रोज सही करणं मुलांना कपाटातल्या फोनपेक्षा जास्त जाणवतं, हे मी अनेकदा पाहिलं आहे.

"पालकांनी स्वतः येऊन फोन न्यावा" हे वाक्यही जपून वापरा. पगारदार माणसासाठी ती अर्ध्या तासाची फेरी असते. मजुरी करणाऱ्या बाईला सकाळी अकराला शाळेत बोलावलं तर तिची त्या दिवसाची रोजी बुडते आणि तो राग घरी मुलावर निघतो. बोलवायचंच असेल तर सकाळी नऊ ते दहा किंवा संध्याकाळी साडेपाच ते सहा अशी वेळ सूचनेतच लिहा.

आता दुसरी बाजू. मुलं फोन का आणतात, हे मी एका वर्षी वर्गावर्गात जाऊन विचारलं. खेळायला, व्हिडिओ पाहायला ही उत्तरं आलीच. पण बाहेरगावहून येणाऱ्या मुलींनी सांगितलं ते वेगळं होतं. मानव विकासची गाडी पाच-सव्वापाचला येते. कधी ती येतच नाही. मग अंधार पडेपर्यंत फाट्यावर उभं राहायचं आणि घरी कळवायला काही साधन नाही. या मुलींना नुसतं "फोन आणू नका" म्हणणं म्हणजे त्यांना फाट्यावर एकटं सोडणं होतं. तेव्हापासून गाडी आली नाही तर मुलींनी शाळेत परत यायचं, ऑफिसातून घरी फोन करायचा आणि कोणी न्यायला येईपर्यंत एका शिक्षिकेने थांबायचं, असं ठरलं. त्यानंतर मुलींच्या दप्तरातले फोन आपोआप कमी झाले. तुमच्या सूचनेत मनाई असेल, तर त्या मनाईने जी सोय जाते तिच्या बदल्यात शाळा काय देणार, हे त्याच कागदावर यायला हवं.

एक गोष्ट सूचना काढण्याआधी तपासा. तुमचे शिक्षक गृहपाठ व्हॉट्सअॅपवर टाकतात का? टाकत असतील तर ते आधी थांबवा आणि फळ्यावर लिहून वहीत उतरवून घ्या. शाळाच अभ्यास फोनवर पाठवते आणि शाळाच फोन नको म्हणते, हे पालकांच्या पटकन लक्षात येतं. शिक्षकांच्या हातातल्या फोनबद्दलही एक वाक्य लिहा. हजेरी आणि पोषण आहाराची नोंद त्यांना फोनवर भरावी लागते, हे पालकांना ठाऊक नसतं. त्यांना वाटतं मास्तर तासाला मोबाईल पाहत बसतात. आमच्या शाळेत ही नोंद तास सुरू होण्याआधी किंवा मधल्या सुटीत भरायची, असं आम्ही ठरवलं आणि तसं पालकांना लिहून दिलं.

कायद्याचं थोडं. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ प्रमाणे मुलाला मारणं आणि मानसिक त्रास देणं दोन्ही मना आहे. वर्गासमोर उभं करून मुलाचे मेसेज मोठ्याने वाचणं हा मानसिक त्रासच आहे, मग तो फोन वर्गात वाजलेला का असेना. पैशाचा दंड घेऊ नका. फोन उघडून पाहू नका. २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने शाळेतल्या स्मार्टफोनबद्दल एक निकाल दिला. सरसकट बंदी व्यवहार्य नाही, फोन शाळेत जमा करून घेण्याची सोय असावी, वर्गात वापर नसावा आणि नियम पालक-शिक्षकांशी बोलून करावेत, असा त्याचा आशय आहे. तो निकाल आपल्या राज्यावर बंधनकारक नाही, पण शिक्षक-पालक संघाच्या सभेत दाखला द्यायला उपयोगी पडतो.

जमा करण्यासाठी महागडं कपाट लागत नाही. गावच्या सुताराकडून वीस खणांची लाकडी पेटी करून घ्या आणि प्रत्येक खणावर नंबर रंगवा. त्याच नंबरचा पत्र्याचा बिल्ला मुलाच्या हातात द्यायचा. फोन बंद करूनच घ्यायचा, नाहीतर पेटीतून गाणी वाजत राहतात. शेजारी एक रजिस्टर ठेवा. तारीख, नाव, खणाचा नंबर, आणि एक रकाना फोनच्या अवस्थेचा. "काच डाव्या कोपऱ्यात तडकलेली", "मागचं झाकण रबराने बांधलेलं" असं दोन शब्दांत मुलासमोर लिहायचं. हा रकाना नसल्याने मला एकदा दुसऱ्याच्या फुटक्या काचेचे पैसे स्वतःच्या खिशातून द्यावे लागले. पेटीची किल्ली एकाच माणसाकडे, आणि सुटी झाल्यावर पेटी रिकामी झाल्याची त्याची सही. रजिस्टरमध्ये सात नावं असतील तर सात बिल्ले परत आले पाहिजेत.

मुलीकडे फोन सापडला तर मी वेगळं वागते, आणि यावर मला थोडं सविस्तर बोलायचं आहे. मुलाच्या घरी कळवलं तर त्याला बहुतेक ओरडा बसतो. मुलीच्या घरी "तुमच्या मुलीकडे फोन होता" एवढं कळवलं तरी कधीकधी तिची शाळाच बंद होते. नववीतली माझी एक विद्यार्थिनी अशीच गेली. फोन तिच्या मैत्रिणीचा होता, हे मला नंतर कळलं. तोवर घरच्यांनी तिला मामाकडे पाठवलं होतं आणि उन्हाळ्यात तिच्या लग्नाची बोलणी सुरू झाली होती. मी दोनदा त्या घरी गेले, पण ती शाळेत परत आली नाही. तेव्हापासून मुलीच्या बाबतीत आधी वर्गशिक्षिका तिच्याशी एकटीने बोलते. मग आम्ही आईला भेटतो, फोनवर सांगत नाही, आणि बोलताना "अभ्यासातून लक्ष जातं" एवढंच म्हणतो. दप्तर तपासायची वेळ आलीच तर मुलीचं दप्तर शिक्षिकेनेच, वर्गाबाहेर तपासायचं. तुमच्या सूचनेत "गैरप्रकार", "प्रेमप्रकरण" असे शब्द चुकूनही येऊ देऊ नका. अशा शब्दांचा भार मुलींवरच पडतो.

कोणी कोणाचा लपून फोटो काढला किंवा मुलीचा व्हिडिओ फिरवला, तर मात्र तो साध्या नियमभंगाचा मामला राहत नाही. अशा वेळी शिक्षक घाबरून "डिलीट कर, आत्ताच्या आत्ता" म्हणतात. तसं केलं तर पुरावा जातो, आणि फोटो दुसऱ्याकडे पोहोचलेला असेल तर तो तिथे तसाच राहतो. फोन बंद करून पालकांसमोर पाकिटात घाला, पाकिटावर सह्या घ्या. कोणीही तो फोटो पाहू नये, पुढे पाठवू नये. त्यात लैंगिक स्वरूपाचं काही असेल तर पोक्सो कायद्याखाली पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. तिथे "गावात मिटवू" हा मार्ग तुम्हाला मोकळा नाही. मुलांसाठीची हेल्पलाईन १०९८ आहे. रात्रभर फोन न ठेवण्याच्या नियमाला हा एकच अपवाद, आणि तो सूचनेत लिहून ठेवावा.

यावरून रोजच्या शाळेची सूचना अशी होईल:

"आदरणीय पालक,
मुलांनी शाळेत मोबाईल आणू नये, ही विनंती. फोन वाजला की सगळ्या वर्गाचं शिकणं तुटतं. ज्यांना एसटीच्या किंवा घरच्या अडचणीमुळे फोन आणावाच लागतो, त्यांच्या पालकांनी वर्षातून एकदा तशी चिठ्ठी द्यावी. असा फोन बंद करून परिपाठाच्या आधी ऑफिसातल्या पेटीत ठेवायचा. नंबरचा बिल्ला मिळेल. सुटी झाल्यावर बिल्ला दाखवून फोन परत मिळेल.
शाळेच्या वेळेत मुलाला निरोप द्यायचा असेल तर शाळेच्या फोनवर सांगा. तो पुढच्या तासाच्या आधी मुलापर्यंत पोहोचेल. तातडीचं असेल तर मुलाला ऑफिसात बोलावून बोलणं करून देऊ. मुलांना घरी फोन करायचा असेल तर ऑफिसातून करता येईल, त्याचे पैसे नाहीत. संध्याकाळची गाडी आली नाही तर मुलांनी शाळेत परत यावं. घरचं माणूस येईपर्यंत शिक्षक थांबतील.
वर्गात फोन सापडला तर तो त्याच दिवशी सुटीनंतर परत देऊ आणि घरी कळवू. आम्ही फोन उघडून पाहणार नाही, दंड घेणार नाही, मारणार नाही. तिसऱ्यांदा सापडला तर तुम्ही सकाळी ९ ते १० किंवा संध्याकाळी ५.३० ते ६ या वेळेत भेटायला यावं. फोन त्या दिवशीही परत मिळेल. कोणाचा न विचारता फोटो किंवा व्हिडिओ काढल्याचं कळलं, तर फोन पालकांसमोर पाकिटात बंद करून पुढची कारवाई होईल.
आजारपणामुळे मुलाजवळ फोन लागत असेल तर मला येऊन भेटा. तो वर्गशिक्षकांकडे राहील.
मुख्याध्यापिका"

एवढीच. एका पानाच्या वर जाऊ देऊ नका, आणि अक्षर मोठं ठेवा.

सहलीची सूचना वेगळ्या कागदावर काढा, कारण तिथे पालकांची भीती वेगळी आहे. शाळा चालत जाण्याच्या अंतरावर असते, चिखलदरा नसतो. "पोरं पाठवत नाही" म्हणणारे पालक फोनसाठी हटून बसलेले नसतात. पोराची खबर कशी मिळेल, हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं.

मला हे कळलं ते असं. आमची सहल चिखलदऱ्याला गेली होती. दोन एसटी गाड्या, ७४ मुलं, आठ शिक्षक. सूचनेत एकच ओळ होती, "मोबाईल आणण्यास सक्त मनाई." परतताना घाटात मागच्या गाडीचं टायर गेलं. नववीतल्या एका मुलाने मोज्यात लपवून आणलेला फोन काढला आणि घरी सांगितलं, "गाडी घाटात बंद पडली." रेंज येत-जात होती. त्याच्या बापाला ऐकू आलं, "गाडी घाटात पडली." एक शब्द गळला. अर्ध्या तासात अख्खं गाव शाळेच्या फाटकापाशी जमलं. शाळेला कुलूप होतं, आत कोणी नव्हतं. आमच्यातल्या कोणाचाही फोन लागत नव्हता. काही जण दोन जीपगाड्या करून निघालेही. आम्ही टायर बदलून खाली परतवाड्याला पोहोचलो तेव्हा अडीच तास झाले होते, आणि रेंज येताच माझ्या फोनवर साठच्या वर मिस्ड कॉल दिसले. एक आजी त्या धक्क्याने आठ दिवस अंथरुणात होती. तिची मी पुढे माफी मागितली. त्या मुलाला आम्ही शिक्षा केली नाही. त्याने खरं तेच सांगितलं होतं. चूक आमची होती. घाटात रेंज नसते हे आम्हाला ठाऊक होतं, पालकांना आम्ही सांगितलं नव्हतं.

म्हणून आता सहलीच्या वेळी शाळा बंद नसते. एक कारकून किंवा शिक्षक गावात थांबतो आणि गाडी परत येईपर्यंत शाळेचा फोन त्याच्याजवळ असतो. पालकांनी फक्त त्यालाच विचारायचं. सहलीतल्या शिक्षकांना पन्नास घरांतून फोन येत राहिले तर त्यांचं लक्ष मुलांवर राहत नाही. सहलीतून ठरलेल्या ठिकाणांवरून चार निरोप येतात. घाट चढण्याआधी परतवाड्याहून, वर पोहोचल्यावर, वरून निघताना, आणि घाट उतरून परत परतवाड्याला आल्यावर. निरोपाचं वाक्यही ठरलेलं असतं: "७४ मुलं, ८ शिक्षक, सगळे ठीक, आता निघतो." आकडा आधी, म्हणजे कोणाला वाटायला नको की काही लपवलं जातंय. गावातला माणूस तो निरोप शाळेच्या फळ्यावर वेळेसकट लिहितो, आणि ज्यांच्याकडे व्हॉट्सअॅप आहे त्यांना पाठवतो. ज्यांच्याकडे नाही ते फळा वाचून जातात किंवा कोणाला वाचायला सांगतात.

दर दहा मुलांमागे एक शिक्षक असावा, आणि त्या शिक्षकाकडे चार्ज केलेला फोन. मेळघाटात सगळ्या कंपन्यांची रेंज सारखी नसते, म्हणून शिक्षकांच्या सिम वेगवेगळ्या कंपन्यांच्या आहेत का ते निघण्याआधी पाहा. एकीची रेंज गेली तर दुसरीची लागते. प्रत्येक मुलाच्या खिशात जाड कागदाची चिठ्ठी द्या, त्यावर शाळेचं नाव, गटशिक्षकाचा आणि शाळेचा नंबर. हरवलेलं मूल ती चिठ्ठी दुकानदाराला दाखवू शकतं. पावसाळी हवा असेल तर चिठ्ठी प्लास्टिकमध्ये घाला.

मुलांकडे फोन का नको, हे पालकांना खऱ्या कारणासकट सांगा. भीमकुंड, पंचबोल, देवी पॉइंट या जागा दरीच्या काठावर आहेत. तिथे मूल पायाखाली न पाहता स्क्रीनमध्ये पाहत मागे सरकतं. मी हे डोळ्यांनी पाहिलं आहे. एका मुलीला आमच्या शिपाईकाकांनी दंडाला धरून ओढलं, म्हणून ती वाचली. हे कारण ऐकल्यावर एकाही बापाने माझ्याशी वाद घातलेला नाही. फोटोंची हौस मुलांना असतेच आणि ती रास्त आहे. एका शिक्षकाकडे फोटोचं काम द्या, कठड्याच्या आतून गटागटाने फोटो काढा. छापलेला गटाचा फोटो प्रत्येक मुलाला दिलात तर पुढच्या वर्षी फोनचा आग्रह कमी होतो. हे फोटो फेसबुकवर किंवा स्टेटसला टाकायचे नाहीत, असं शिक्षकांनाही बजावा. टाकायचेच असतील तर संमतिपत्रात पालकांना त्याबद्दल वेगळं विचारा.

सहलीच्या सूचनेचा मजकूर मी असा लिहिते:

"सहलीत मुलांनी मोबाईल आणू नये. चिखलदऱ्याला दरीच्या काठावर फोटो काढताना तोल जाण्याचा धोका आहे. घाटात आणि जंगलात एक ते तीन तास रेंज नसते. त्या वेळेत निरोप आला नाही तर घाबरू नका. गाडी उशिरा का आहे, हे रेंज मिळताच कळवू. खबर फक्त शाळेत थांबलेल्या आमच्या माणसाकडून घ्या, त्यांचा नंबर खाली आहे. गाडी रात्री कितीही वाजता आली तरी ते शाळेत असतील. मुलाला औषध चालू असेल, किंवा घरी कोणी गंभीर आजारी असून निरोप देण्याची वेळ येऊ शकते असं वाटत असेल, तर निघण्याच्या आदल्या दिवशी गटशिक्षकांना सांगा. कोणाकडे फोन निघाला तर तो गटशिक्षक बंद करून स्वतःजवळ ठेवतील आणि गाडीतून उतरताना परत देतील. त्यासाठी मुलाला सहलीतून परत पाठवलं जाणार नाही."

शेवटचं वाक्य मुलांसाठी आहे. ते नसेल तर मुलं फोन इतका खोल लपवतात की अडचणीच्या वेळीही बाहेर काढत नाहीत. आणि "एक ते तीन तास" हा आकडा तुम्ही स्वतः एकदा त्या रस्त्याने जाऊन ठरवा. माझा आकडा आमच्या गाडीचा आणि आमच्या रस्त्याचा आहे.

दोन्ही कागद वाटण्याआधी एक सभा घ्या. शाळेत दुपारी घेतली तर वेचणीच्या दिवसांत दहा जण येतील. संध्याकाळी सातनंतर मारुतीच्या पारावर किंवा समाजमंदिरात घ्या. तांड्यावरची, पोडावरची मुलं तुमच्याकडे असतील तर तिथे वेगळं जा, आणि मजकूर त्यांच्या बोलीत सांगू शकेल असा माजी विद्यार्थी सोबत न्या. कागद मोठ्याने वाचून दाखवा आणि विचारा, यातलं काय जमणार नाही? माझ्या सभेत एका बापाने विचारलं होतं, "पोरगं फोन नेते हे मले घरीच नाई समजत, तं मी चिठ्ठी कशाची देऊ?" त्यातून आम्ही वर्गशिक्षकांनी पालकांना पहिल्याच वेळी कळवायचं, तिसऱ्या वेळेपर्यंत थांबायचं नाही, हे ठरवलं.

कागदाच्या खाली कापून द्यायची पावती ठेवा. नाव, सही किंवा अंगठा, आणि घरचा चालू नंबर. शाळेच्या रजिस्टरमधले नंबर निम्मे बंद असतात, ते या निमित्ताने दुरुस्त होतात. आठ दिवसांत ज्यांच्या पावत्या आल्या नाहीत त्यांची यादी काढा आणि ती वर्गशिक्षकांना वाटून द्या. ज्या घरांत कागद वाचणारं कोणी नाही, त्यातली बरीच घरं याच यादीत असतात. तिथे सहलीच्या आधी माणूस पोहोचला पाहिजे.